उत्तर: अभिप्राय मागणं की कौतुकाची भीक?

> "ताई, लेख वाचला, पटला नाही. वार्षिक आढाव्याआधी सहकाऱ्यांना अभिप्राय मागणं म्हणजे कौतुकाची भीक मागणं. आपल्याकडे तोंडावर खरं कोण बोलतं? शेजारच्या टेबलावरचा तर रेटिंगमध्ये आपलाच प्रतिस्पर्धी. आणि वर मुदत घालून द्यायची, म्हणजे त्याच्या डोक्याला ताप." (बडोद्याचा एक वाचक)

दादा, भीक मी खरोखरच मागितली आहे, त्यामुळे राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी मी अकरा जणांना एकच निरोप पाठवला होता, "माझ्या कामाबद्दल मोकळेपणानं सांगा." चौघांनी उत्तर दिलं आणि चौघांचाही सूर एकच, "आप तो बढ़िया काम करती हैं." असं उत्तर आलं की समजावं, माणसं खोटं बोलत नाहीत, आपला प्रश्नच पसरट आहे. वर्षभराच्या कामातून नेमकं काय आठवायचं, हे त्यांनी कुठून शोधावं?

प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे. एकाच साहेबाच्या हाताखाली ज्यांचं रेटिंग आपल्याबरोबर लागतं, त्यांना मी विचारत नाही. हाताखालच्यांनाही नाही, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. आपलं काम ज्यांच्या हातात पुढं जातं, त्यांना विचारते. आपण चुकलो की त्रास त्यांनाच होतो, म्हणून खरं सांगण्यात त्यांचाही फायदा असतो.

मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचचं नियोजन बघते. पुढच्या वर्षी मी तिघांनाच विचारलं: स्टोअर, क्वालिटी आणि प्रॉडक्शनमधल्या एकेकाला. प्रत्येकाला वेगळा निरोप. स्टोअरच्या भाऊंना पाठवलेला हा (मूळ हिंदीत होता, इथं मराठीत देते):

"भाऊ, मार्चअखेर माझा आढावा आहे. जानेवारीत एक्सपोर्टच्या मालाचं वेळापत्रक मी दोनदा बदललं. त्यातला कोणता बदल तुम्हाला उशिरा कळला आणि त्यामुळे काय अडलं? दुसरं, मी करते त्यातली कोणती एक गोष्ट बंद केली तर तुमचं काम हलकं होईल? दोन-चार ओळी पुरेत, बोलून सांगितलं तरी चालेल. पुढच्या गुरुवारपर्यंत हवं आहे. जमणार नसेल तर 'नाही' एवढंच लिहा, मी परत विचारणार नाही."

हा निरोप फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी गेला. म्हणजे हातात दहा दिवस, आणि मधे महिनाअखेर नाही, कारण तेव्हा स्टोअरवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. शुक्रवार मुद्दाम टाळला. शुक्रवारचं काम सोमवारवर जातं आणि मग राहूनच जातं. आदल्या बुधवारी एकदाच आठवण केली. क्वालिटीवाल्यांनी ऑडिट असल्यामुळे 'नाही' कळवलं, विषय संपला. मुदत नसती तर हे 'नाही' महिनाभर दोघांच्याही मानेवर बसलं असतं. ताप म्हणायचा तर तो.

भाऊंनी लिहून काहीच दिलं नाही. गुरुवारी परतीच्या कंपनी बसमध्ये शेजारी येऊन बसले आणि वाटेतलं राऊ गाव येईपर्यंत इकडचंतिकडचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा दुसरा बदल साडेपाचला मेलवर आला. रात्रपाळीत मेल कोण उघडतं? गाडी भरून झाली होती. चाळीस पेट्या परत उतरवल्या पोरांनी."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, "पण मी तुमच्या साहेबांना सीसी केलं होतं." ते गिळलं. तिथं सफाई दिली असती तर पुढच्या वर्षी मलाही 'बढ़िया'च ऐकायला मिळालं असतं. त्याऐवजी विचारलं, "किती वाजेपर्यंत कळलं तर चालेल?" उत्तर आलं, "चारच्या आत, आणि फोनवर." घरी पोचल्यावर आधी ते वहीत टिपलं, त्यांच्याच शब्दांत.

प्रॉडक्शनकडून आधी "सब ठीक" आलं. पुन्हा एकच प्रश्न केला, "गेल्या महिन्यात माझी वाट बघत कधी थांबावं लागलं?" तेव्हा कुठं कळलं की सोमवारची यादी त्यांना दुपारी मिळते, हवी असते सकाळी नऊला.

आढाव्याच्या आदल्या आठवड्यात विचारलं असतं तर हे नुसतं ऐकून ठेवावं लागलं असतं. फेब्रुवारीत विचारल्यामुळे सुधारायला सहा आठवडे मिळाले. फॉर्ममध्ये लिहिलं: "वेळापत्रकातले बदल उशिरा कळतात असं समजलं, फेब्रुवारीच्या मध्यापासून चारच्या आत फोनवर कळवते, तेव्हापासून भरलेली गाडी परत उतरवावी लागली नाही." भाऊंचं नाव घातलं नाही. बसमध्ये बोललेलं माणूस फॉर्मवर सही करून देत नसतं.

त्या वर्षी रेटिंग मागच्याइतकंच आलं, हेही सांगून टाकते. तुमच्याकडे आढावा कधी असतो ते कळवा. एप्रिलात असेल तर मार्चअखेरीच्या गडबडीत कुणाला गाठू नका, फेब्रुवारीतलाच एखादा सोमवार धरा.