‘गोडी’ का बसत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “सर, तुमच्या सरावात ‘आजीच्या बोलण्यात निराळाच ____ असतो’ असं वाक्य आहे, मूळ शब्द ‘गोड’. माझ्या लेकीनं ‘गोडी’ लिहिलं. उत्तरसूचीत फक्त ‘गोडवा’. दोन्हीचा अर्थ एकच ना? मग हे पाठांतर नाही तर काय? आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात, लेकराले कसं समजावं की कुठं काय लावायचं?”

भाऊ, आधी माझी चूक सांगतो. त्या जागी ‘गोडपणा’ही बसतो आणि मी तो उत्तरसूचीत दिला नव्हता. कोणा मुलानं ते लिहिलं असेल तर त्याचे गुण गेले, हे माझ्यामुळे झालं. ‘गोडी’ मात्र त्या वाक्यात बसत नाही. कारण अर्थात नाही, शेजारच्या शब्दात आहे.

‘निराळाच’ हा शब्द पाहा. तो पुल्लिंगी आहे, म्हणून पुढचं नामही पुल्लिंगीच हवं. ‘गोड’ला ‘वा’ किंवा ‘पणा’ लागला की पुल्लिंगी नाम होतं: तो गोडवा, तो गोडपणा. ‘ई’ लागली की स्त्रीलिंगी: ती गोडी. वाक्यात ‘निराळीच’ असतं तर तुमच्या लेकीचं उत्तर बरोबर होतं. प्रत्ययाबरोबर लिंग ठरतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. नुसती प्रत्ययांची यादी पाठ करायला देतात. ‘ता’ लावून झालेलं भाववाचक नाम स्त्रीलिंगी (सुंदरता), ‘त्व’ लावून झालेलं नपुंसकलिंगी (मोठेपणाला ‘महत्त्व’ म्हणतो ते). एवढं कळलं की रिकाम्या जागेच्या आधीचं विशेषण किंवा नंतरचं क्रियापदच उत्तराकडे बोट दाखवतं.

वऱ्हाडीची अडचण म्हणता, पण इथं ती मदतीलाच येते. माझ्या वर्गात मी ‘ओला’ हा शब्द घेतो, कारण आपल्याकडे तो प्रत्येक घरात बोलला जातो. तीन वाक्यं देतो:

पहिल्या वेच्याच्या कापसात ____ असला की व्यापारी भाव पाडतो.
जमिनीत ____ टिकली तर हरभरा नीट निघतो.
ढिगाच्या तळचा कापूस अजून थोडा ____ लागतो.

पहिल्यात ‘असला’ आहे, म्हणून ‘ओलावा’. दुसऱ्यात ‘टिकली’ आहे, म्हणून ‘ओल’. ‘ओलावा टिकली’ असं शेतात कुणी म्हणत नाही, वऱ्हाडीतही नाही. तिसऱ्यात जागा कापसाचं वर्णन मागते, म्हणून विशेषण ‘ओलसर’, ‘ओला’ही चालेल. मी मुलांना उत्तर लिहायच्या आधी वाक्य मोठ्यानं वाचायला लावतो. ‘ओल असला’ म्हटलं की मूल स्वतःच थांबतं. लेकीला ‘निराळाच गोडी’ असं एकदा वाचायला लावा, तिच्या कानाला खटकेल.

लिंग कामाला येत नाही अशीही जागा असते. ‘शांत’पासून ‘शांतता’ आणि ‘शांती’, दोन्ही स्त्रीलिंगी. तिथं अर्थच पाहावा लागतो: वर्गात शांतता पसरते, मनाला शांती मिळते. ‘वाचनाची ____ लागली’ इथं मात्र लिंग आणि अर्थ दोन्ही ‘गोडी’कडेच बोट दाखवतात: ‘वाचनाची’ आणि ‘लागली’ स्त्रीलिंगी, आणि तिथं ती आवड आहे, म्हणून गोडवा चालणार नाही.

मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती क्रियाविशेषणावर. इंग्रजीच्या तासाला ‘स्लो’ला ‘ली’ लावून ‘स्लोली’ करायला शिकवतात, म्हणून मराठीतही असा एकच प्रत्यय असेल असं त्यांना वाटतं आणि ते सगळीकडे ‘पणे’ लावत सुटतात. ‘शांतपणे’, ‘स्पष्टपणे’ बरोबर आहे. पण ‘ती ____ गाते’ आणि मूळ शब्द ‘चांगला’ असेल तर ‘चांगलेपणाने गाते’ हे चूक, कारण चांगलेपणा हा स्वभावाचा गुण. तिथं ‘चांगली गाते’ किंवा ‘चांगलं गाते’. ‘मोठा’चं ‘मोठ्याने बोल’ होतं, आणि ‘राग’ या नामाचं ‘रागाने’. नामाला ‘ने’ लावताना त्याचं रूप बदलतं हेही पाहा: ‘शांतताने’ नाही, ‘शांततेने’. ही चूक वह्यांमध्ये मला वारंवार दिसते.

म्हणून लेकीला घरी एवढंच करायला सांगा: रिकामी जागा झाकायची, आधीचा आणि नंतरचा शब्द वाचायचा, आणि तिथं नाव हवं, वर्णन हवं की काम कसं झालं ते हवं, हे आधी ठरवायचं. मूळ शब्दाकडे त्यानंतर पाहायचं. मूळ शब्दापासून सुरुवात केली की जे रूप आधी आठवतं तेच मूल लिहून टाकतं. तुमच्या लेकीचंही बहुधा तेच झालं.

उत्तरसूची मी आज दुरुस्त केली आहे. त्या वाक्यासमोर आता ‘गोडवा / गोडपणा’ आहे, आणि खाली एक वाक्य वाढवलं आहे: ‘आजीच्या बोलण्यात निराळीच ____ असते.’