आखाजीची पुरणपोळी, पोरांचा धिंगाणा आणि साखरेवर आलेला आळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुपारी खान्देशातल्या कितीतरी घरांत एकच चित्र दिसतं. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, मामाची पोरं, झाडाला बांधलेला झोका. जेवणात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. जेवून तास होत नाही तोच पोरं पलंगावरून उड्या मारायला लागतात आणि ओट्यावर बसलेलं कुणीतरी म्हणतं, "गोड खाईसन पोऱ्या उधळना."

हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडी आहे की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. पण ते तपासलं गेलंय, आणि फार बारकाईनं. पोर उधळतं हे खरं. ते गोडामुळं उधळतं, याला मात्र पुरावा मिळत नाही. आणि या समजुतीनं पोराचं नुकसान होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

1994 साली अमेरिकेत मार्क वोलरेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 3 ते 5 वर्षांची 25 साधी मुलं होती आणि 6 ते 10 वर्षांची 23 अशी मुलं होती, ज्यांच्या आईवडिलांची खात्रीच होती की "आमच्या पोराला साखर चढते". या कुटुंबांना नऊ आठवडे खाणंपिणं संशोधकांनीच पुरवलं. तीन आठवडे भरपूर साखरेचं, तीन आठवडे कमी साखरेचं पण कृत्रिम गोडी असलेल्या अ‍ॅस्पार्टेमनं गोड केलेलं, तीन आठवडे सॅकरिन या दुसऱ्या कृत्रिम गोडीनं गोड केलेलं. कुठले आठवडे कशाचे, हे मुलांना, आईवडिलांना आणि मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. तिन्ही आहारांतून कृत्रिम रंग आणि टिकवण्याची रसायनं मुद्दाम काढून टाकली होती, म्हणजे दोष कुणाचा हे कळायला गोंधळ नको.

साखर किती होती तेही पाहा. मोठ्या मुलांच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सरासरी साडेचार ग्रॅम साखर जात होती. 20 किलोच्या पोराला 90 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले 18 चहाचे चमचे. सणावाराच्या दिवशीही सहज ओलांडला जाईल असा हा आकडा नाही. एवढं करून "साखर चढणाऱ्या" मुलांच्या वागण्याची आणि लक्ष लागण्याची 39 मोजमापं घेतली. त्यांतल्या एकाही मोजमापात तिन्ही आहारांमध्ये दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. लहान मुलांच्या 31 मोजमापांपैकी चारांत फरक दिसला, पण त्याची दिशा एकसारखी नव्हती.

एका अभ्यासावर विसंबू नये हे बरोबरच. म्हणून पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, वोलरेच यांनीच अशा 23 प्रयोगांचे आकडे एकत्र केले. कुणाला साखर दिली हे लपवून केलेलेच प्रयोग त्यात घेतले होते. निष्कर्ष तोच आला, साखरेनं मुलांचं वागणं किंवा बुद्धीचं काम बदलत नाही. त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली की अगदी छोटा परिणाम किंवा मोजक्याच मुलांवर होणारा परिणाम या आकड्यांवरून पूर्ण नाकारता येत नाही. तेवढी जागा आपणही ठेवू. पण ओट्यावरचं वाक्य "मोजक्या मुलांवर थोडासा" असं नसतं. ते सगळ्या पोरांना, दर सणाला लावलं जातं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रयोग. तोही 1994 चाच, डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांचा. 5 ते 7 वर्षांचे 35 मुलगे आणि त्यांच्या आया. मुलगा साखरेनं बिथरतो असं या सगळ्या आयांचं म्हणणं होतं. प्रयोगात सगळ्या मुलांना साखर नसलेलं, अ‍ॅस्पार्टेमनं गोड केलेलंच पेय दिलं. मात्र निम्म्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखरेचा मोठा डोस दिलाय, आणि उरलेल्यांना खरं ते सांगितलं. मग आई आणि मूल एकत्र खेळत असताना चित्रीकरण केलं.

"साखर दिली" असं ऐकलेल्या आयांनी आपापल्या मुलाला जास्त चंचल ठरवलं. साखरेचा कण पोटात गेलेला नसताना! आणि हे नुसतं मत देण्यावर थांबलं नाही. चित्रीकरणात दिसलं की या आया मुलाला जास्त चिकटून राहत होत्या, त्याच्याकडे जास्त बघत होत्या, जास्त बोलत होत्या, जास्त टोकत होत्या. साखरेचं नाव कानावर पडलं आणि बदलली ती आई.

मला सगळी गोष्ट इथंच दिसते. सहा वर्षांच्या पोरामागं कुणी "हळू, पडशील, हात लावू नको, बस खाली" करत फिरलं तर ते पोर शांत होईल की अजून चिडेल? पोरानं दहा मिनिटं गुपचूप चित्र काढलं तर ते कुणी मोजत नाही, आणि एक उडी मारली की "बघा, म्हटलं नव्हतं?" त्या आयांना दोष द्यायचा नाही. ही खोड आपल्या सगळ्यांच्या नजरेत आहे.

ती खोड कशी काम करते ते आपल्याच घरात तपासता येतं. गोड खाल्लं आणि धिंगाणा घातला, हा प्रसंग लक्षात राहतो. पण सकाळी साखरेच्या दुधात चार बिस्किटं बुडवून खाल्ली आणि पोर निमूट शाळेत गेलं, हे कोण लक्षात ठेवतं? शाळेच्या स्नेहसंमेलनात गोडाचा घासही न खाता पोरांनी मांडव डोक्यावर घेतला, हे साखरेच्या खात्यात कोण वजा करतं? चार प्रकारचे दिवस असतात आणि आपण त्यांतला एकच मोजतो.

आणि आपला जळगाव जिल्हा तर केळीचा. मध्यम आकाराच्या एका पिकल्या केळ्यात साधारण 12 ते 15 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ तीन चमचे. रावेर-यावलकडची पोरं दोन-दोन केळी खाऊन शाळेत जातात. केळीनं पोर उधळलं असं कुणाच्या तोंडून ऐकलंय? तसंच गुळाचं. "साखर नको, गूळ चालेल" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरेतलाच पदार्थ. साखर पोराला पेटवत असती तर गुळानंही पेटवलं असतं.

वेळेचा हिशोबही जुळत नाही. गोड खाल्ल्यावर रक्तातली साखर चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, आणि निरोगी मुलाचं शरीर इन्सुलिन सोडून ती लगेच आटोक्यात आणतं. लग्नात जिलेबीचा पहिला तुकडा तोंडात असतानाच पोर मांडवात धावत सुटलं, तर त्या धावण्याशी जिलेबीचा संबंध कसा जोडणार? तिथं डीजे वाजतोय, वीस पोरं जमलीयत, झोपेची वेळ टळून तीन तास झालेत, आणि रोज "पळू नको" म्हणणारी माणसं आज गप्पांत आहेत. आखाजीला त्यात वैशाखाचं ऊन मिळवा. गोड हे या सगळ्याच्या सोबत येतं, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

समज पसरायला आणखी एक कारण झालं. 1970 च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड नावाच्या अमेरिकन अ‍ॅलर्जीतज्ज्ञानं कृत्रिम रंग आणि स्वाद मुलांच्या चंचलपणाला कारण आहेत, असं मांडलं. त्याचा रोख साखरेवर नव्हता. पण रंगीत गोळ्या, सरबतं, केक हे पदार्थ गोडही असतात, आणि लोकांच्या बोलण्यात रंग मागं पडून साखर पुढं आली. रंगांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. 2007 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकवण्याचं रसायन यांच्या मिश्रणानं मुलांच्या चंचलपणात थोडी वाढ दिसली. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, पण त्यानंतर युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यांतले टार्ट्राझीन आणि सनसेट यलो आपल्याकडे मर्यादित प्रमाणात वापरायला परवानगी आहे. तेव्हा यात्रेतली भडक पिवळी-केशरी मिठाई टाळायची तर रंगासाठी टाळा. कोला आणि चहाचंही तसंच. त्यात कॅफिन असतं, आणि रात्री पोराला झोप न येण्याचं ते खरंखुरं कारण असू शकतं.

एवढं वाचूनही "आमच्याकडे फरक दिसतोच" असं वाटत असेल तर घरी करून बघा. सहा दिवस, रोज एकच वेळ, लिंबू सरबताचा 200 मिलिलिटरचा एक ग्लास. तीन दिवस त्यात चार सपाट चमचे साखर, तीन दिवस तेवढ्याच गोडीच्या सुक्रालोजच्या गोळ्या, प्रमाण पाकिटावर असतं. मधुमेह असलेल्या मुलावर हे करू नका. लिंबू आणि चिमूटभर मीठ नीट घाला, नाहीतर गोळीची मागाहून येणारी चव पोर ओळखतं. कुठल्या दिवशी काय, हे बाबा किंवा आजीनं चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, वहीत लिहून ठेवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. आईनं सरबत चाखायचंही नाही. अर्ध्या तासानं पोराला चित्र काढायला बसवा आणि 20 मिनिटांत ते किती वेळा उठलं एवढंच मोजा. "फार दंगा केला" असं लिहू नका, कारण नजरेची खोड तिथूनच शिरते. सहाव्या दिवशी, वही उघडण्याआधी, आईनं साखरेचे तीन दिवस कोणते ते सांगायचं.

सहातले तीन दिवस निवडायच्या वीस तऱ्हा होतात. म्हणजे तिन्ही दिवस नुसत्या नशिबानं बरोबर येण्याची शक्यता वीसात एक. तिन्ही बरोबर आले तर पुन्हा सहा दिवस करा. दोन बरोबर आले तर खूश होऊ नका, नुसत्या अंदाजानं निम्म्या वेळा दोन किंवा जास्त बरोबर येतातच. आणि मधल्या एखाद्या दिवशी पाहुणे आले किंवा पोर रात्री उशिरा झोपलं, तर तो दिवस सोडून दुसरा घ्या.

साखर कमी द्यायला कारणं भरपूर आहेत. दात किडतात, वजन वाढतं, गोडानं पोट भरल्यावर पोर भाकरी-भाजी खात नाही. त्यासाठी साखर जरूर कमी करा. पण जे पोर घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ एका जागी टिकत नाही, अभ्यास अर्ध्यावर सोडतं, सांगितलेलं विसरतं, त्याच्याबाबतीत गोड बंद करून वाट बघत बसू नका. ते एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, असू शकतं, कमी ऐकू येणं असू शकतं, अपुरी झोप असू शकते, आणि यातलं काहीही साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवल्यानं बरं होत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या. पोर किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, कुठल्या कामात किती मिनिटं टिकलं, शाळेतल्या बाईंनी काय सांगितलं. तिथं "गोड खाल्लं की करतो" या वाक्यापेक्षा ती दोन पानं जास्त कामाला येतात.