‘याचं जरा करून द्या’

सांगलीत कोर्टाच्या रस्त्याला माझं टायपिंगचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, ‘मराठी, इंग्रजी, हिंदी, कन्नड टायपिंग व भाषांतर’. कन्नड मला येत नाही. ते शेजारच्या शिलाई मशीनवाल्या वहिनींना येतं. त्यांचं माहेर अथणीकडचं. पाटीवरचा चौथा शब्द त्यांच्या भरवशावर रंगवलेला आहे आणि त्याबद्दल दिवाळीला त्यांच्याकडे भडंगाची पिशवी जाते.

गिऱ्हाईक येतं, काउंटरवर कागद ठेवतं आणि म्हणतं, “याचं जरा करून द्या.” कागद इंग्रजीत असतो, माणूस मराठीत बोलतो, त्याचा पाहुणा शेजारी उभा राहून कानडीत कुजबुजतो आणि ‘करून द्या’ हे कुठल्या भाषेत, ते कुणीच सांगत नाही. सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही नसतं. शिंप्याकडे कापड टाकून ‘शिवून द्या’ म्हणावं, तसं. शिंपी निदान माप तरी घेतो!

जतच्या पूर्वेकडून एक मामा आले. मिरजेत दवाखान्यात पाच दिवस काढून त्याच दिवशी सुटले होते. आमच्याकडे मिरजेला दवाखान्यासाठी निम्मं उत्तर कर्नाटक येतं आणि जातानाचा डिस्चार्ज कार्डाचा कागद मात्र सगळ्यांना इंग्रजीतच मिळतो. मामांनी तो उलगडला. “याचं सोपं करून द्या सायेब. थोडक्यात.”

मी हुशार माणूस. कागद इंग्रजीत आहे, म्हणजे हा पुढे विम्याला नाहीतर पोराच्या कंपनीला जाणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दोन पानांचं सुरेख अर्ध्या पानाचं इंग्रजी केलं. मामांनी ते उलटंसुलटं पाहिलं.

“हे तर आधीच इंग्रजीत हुतं की!”

“पण आता सोपं आहे मामा.”

“कुणाला?”

याला उत्तर नव्हतं. मी दुसरा कागद घेतला. या वेळी विचार केला की माणूस मराठीत बोलतोय, तेव्हा मराठी. गोळ्यांचा तक्ता काढायला बसलो आणि अडकलो. एका गोळीपुढे लिहिलं होतं बी.डी., पाच दिवस. मी ते मोठ्यानं वाचलं.

मामा खवळले. “डाक्टरनी बिडी सोड म्हणून डोस्कं खाल्लंय आन् कागदावर बिडी पाच दिवस?”

पुढच्या ओळीत टी.डी.एस. होतं. माझं निम्मं गिऱ्हाईक इन्कमटॅक्सवालं, त्यामुळे दवाखान्यानं मामांचा कर कापलाय की काय, असं मलाही क्षणभर वाटून गेलं. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला गाठलं. त्यानं सांगितलं की हे इंग्रजी नाहीच, लॅटिनची लघुरूपं आहेत. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, ओ.डी. म्हणजे एकदा, एच.एस. म्हणजे झोपताना. एस.ओ.एस. म्हणजे त्रास झाला तरच. म्हणजे मराठी माणसानं, कानडी मुलखातनं, इंग्रजी कागद आणला होता आणि त्यातला कामाचा मजकूर लॅटिनमध्ये होता. भाषांतराचे दर ठरवताना याचा विचार व्हायला पाहिजे.

मेडिकलवाल्यानं आणखी एक गोष्ट बजावली. “औषधाचं नाव मराठीत लिहू नका. पट्टीवर जसं इंग्रजीत छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर ठेवा. एका अक्षरानं औषध बदलतं.” ते मी पाळलं. तक्ता चांगला झाला. सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर. शेवटी त्यालाच कार्डाशी ताडून बघायला लावलं. मामांनी पैसे दिले, नमस्कार केला आणि एस.टी. पकडली.

चौथ्या दिवशी फोन आला. “सायेब, दिवसभर झोपच उतरंना.”

चौकशी केली तेव्हा कळलं, झोपतानाची गोळी सकाळच्या चहाबरोबर जात होती. गोळ्या मामी देत होत्या. मामींची शाळा कानडी. मराठी त्यांना ऐकून समजते, वाचता येत नाही. माझा सुबक तक्ता त्यांनी देवाच्या फोटोमागे जपून ठेवला होता आणि गोळ्या रंगावरून दिल्या होत्या. पांढरी सकाळी, कारण सकाळी उजाडतं.

मी मामांना आधी दवाखान्यात फोन लावायला सांगितलं आणि मग वहिनींकडे गेलो. त्या पिको करत होत्या. मशीन न थांबवता म्हणाल्या, “गोळ्या कोण देतं, ते विचारलं नव्हतं?”

“भाषा विचारायची राहिली हो.”

“भाषा विचारून काय झालं असतं? मामा म्हणाले असते, मराठीत द्या. त्यांना वाटतं तुम्हाला मराठीच येतं. खरंच आहे म्हणा.”

त्यांनी तक्ता कानडीत केला. औषधांची नावं इंग्रजी अक्षरांतच राहिली आणि प्रत्येक ओळीपुढं त्यांनी आपल्या मनानं सूर्य, भाकरी आणि चंद्र काढला. फोटो काढून मामांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. मामांची झोप जागेवर आली.

तेव्हापासून मी ‘कुठल्या भाषेत हवंय?’ हा प्रश्न बंद केला. वहिनींच्या आधीही मी तो अधूनमधून विचारायचो आणि उत्तरं ठरलेली असायची. ‘कुठल्याबी.’ ‘आपल्याच की.’ ‘चांगल्या भाषेत करा.’ एकानं तर ‘जी स्वस्त पडंल ती’ असं सांगितलं होतं. लोकांना भाषा निवडायची सवय नाही, पण कागद कुणाला द्यायचाय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आता एवढंच विचारतो, “हा कागद वाचणार कोण? आणि वाचून करणार काय?” पोरगा पुण्याला साहेबाला दाखवणार म्हटलं की इंग्रजी. तलाठ्याकडे द्यायचाय म्हटलं की मराठी. ‘आमची आई वाचंल’ म्हटलं की आणखी एक प्रश्न, आईची शाळा कुठली? गावाचं नाव कळून भागत नाही. जतमध्ये एकाच घरात सासू कानडी शाळेची आणि सून मराठी शाळेची निघते.

पण प्रत्येक वेळी वाचणाऱ्याची भाषा आणि कागदाची भाषा यांचं भांडण असतंच असं नाही. कुणी इंग्रजी अर्ज आणून ‘यातल्या चुका काढा’ म्हणालं, तर तो इंग्रजीतच राहणार. मात्र काय चुकलं होतं ते त्याला मराठीत सांगायचं. एकदा मी कॉलेजच्या पोराचा इंग्रजी अर्ज ‘नीट करून’ मराठीत दिला होता. तो पोरगा अजून माझ्या दुकानासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघतो.

आणि पत्राला उत्तर लिहायचं असेल तर त्याचं निराळंच. एका काकूंचे यजमान फौजेत होते. पेन्शनच्या कामासाठी केंद्र सरकारच्या एका ऑफिसला अर्ज करायचा होता. मी इंग्रजीत केला, काकूंनी खाली ठसठशीत देवनागरीत सही केली. महिन्याभरानं उत्तर आलं, हिंदीत. त्यात मुलीच्या ‘शिक्षा’ संबंधी कागद मागितला होता. काकू दुकानात आल्या त्या रडवेल्या होऊन.

“माझ्या पोरीला कसली हो शिक्षा? बी.कॉम.ला आहे ती!”

“तीच शिक्षा काकू,” मी म्हणालो. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना पटवायला एक चहा गेला.

मी ऑफिसला नावं ठेवत बसलो होतो. त्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले की हे एका नियमामुळे झालं असणार. केंद्राचे राजभाषा नियम १९७६ चे आहेत. त्यात म्हटलंय की कर्मचाऱ्याचा अर्ज हिंदीत केलेला असेल किंवा त्यावर हिंदीत सही असेल, तर उत्तर हिंदीत द्यायचं. ऑफिसनं तोच नियम काकूंनाही लावला असणार. आता देवनागरी सही मराठी की हिंदी, हे सहीकडे बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काकूंची चार अक्षरं माझ्या दोन पानी इंग्रजीला भारी पडली होती. तेच गृहस्थ पुढे म्हणाले की तक्रारीचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत करायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय. मी विचारलं, “आणि उत्तर कुठल्या भाषेत येणार, ते?” ते हसले. त्या कलमात तेवढंच नाही. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांच्या काउंटरवरही ‘याचं जरा करून द्या’ म्हणणारा कुणीतरी येऊन गेला असावा.

त्यानंतर असल्या अर्जाच्या शेवटी मी एक ओळ घालतो, ‘अर्जदाराची सही मराठीत आहे. उत्तर इंग्रजीत मिळावे ही विनंती.’ ते ऐकतीलच असं नाही, पण निदान कुणी विचारलं नाही असं व्हायला नको.

विचारायला माणूसच समोर नसेल, तेव्हा मात्र पंचाईत. लोक सकाळी कागद टाकून जातात, फोन लागत नाही, संध्याकाळी न्यायला येतात. अशा वेळी कागदाकडं न बघता, टाकून जाणारा ज्या भाषेत बोलला त्या भाषेत करतो. निदान त्याला वाचता येईल आणि चुकलंय हे तरी कळेल. वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, ‘मराठीत केले आहे. दुसरी भाषा हवी असल्यास सांगावे.’ काम मोठं असलं तर पहिल्या चार ओळीच करतो आणि थांबतो. वीस पानं चुकीच्या भाषेत बिनचूक केल्याचा अनुभव गाठीशी आहे. त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि ‘टायपिंग मात्र सुरेख हाय’ हे वर ऐकून घ्यावं लागतं.

परवा मामा आले. तब्येत झकास, खिशात बिडी नाही, निदान दिसली तरी नाही. काउंटरवर एक जाड, सोनेरी कडेचा कागद ठेवला. वरपासून खालपर्यंत कानडी. मी पेन सरसावलं. आता मी चुकणार नव्हतो.

“मामा, आधी सांगा. हे वाचणार कोण?”

मामा माझ्याकडं बघत राहिले.

“तुम्हीच की ओ! नातीचं लगीन हाय. जेवायला यायचं.”

कागद घेऊन वहिनींकडे गेलो, तारीख विचारायला.