ईआर 'निगेटिव्ह' लिहिण्याआधी शेजारची नॉर्मल नलिका बघा

आयएचसी म्हणजे अँटिबॉडीने ऊतीतलं ठरावीक प्रथिन रंगवून शोधण्याची पद्धत. तिच्याबद्दल असा एक दावा ऐकू येतो: "आयएचसीत तपकिरी रंग आला की पॉझिटिव्ह, नाही आला की निगेटिव्ह. पॉझिटिव्ह कंट्रोल रंगला म्हणजे सगळी बॅच बरोबर. निगेटिव्ह कंट्रोल लावणं म्हणजे महागडं रिएजंट वाया घालवणं."

आधी रंगाचं बोलू. प्रायमरी अँटिबॉडी अँटिजेनच्या एका छोट्या भागाला, म्हणजे एपिटोपला, चिकटते. तिच्यावर पेरॉक्सिडेज जोडलेला पॉलिमर बसतो. शेवटी डॅब हा क्रोमोजेन, म्हणजे रंग देणारा पदार्थ, घातला की पेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने त्याचा न विरघळणारा तपकिरी साका जागच्या जागी पाडतं. म्हणजे तपकिरी रंग इतकंच सांगतो की इथे पेरॉक्सिडेज होतं. ते अँटिबॉडीमागून आलं की मुळातच पेशीत होतं, हे रंगाला माहीत नसतं. लाल रक्तपेशींत आणि न्यूट्रोफिल्समध्ये अशी क्रिया मुळातच असते. म्हणून तर आपण ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने साधारण १० मिनिटं ती आधीच बंद करतो. ही पायरी कच्ची राहिली तर रक्तस्राव झालेला भाग छान 'पॉझिटिव्ह' दिसतो.

निगेटिव्ह कंट्रोलचं काम नेमकं इथेच आहे. त्याच ब्लॉकचा दुसरा सेक्शन, तेच रिट्रीव्हल, म्हणजे झाकलेला एपिटोप तापवून उघडा करणं, त्याच वेळा. फक्त प्रायमरीच्या जागी त्याच प्राण्याचं, तेवढ्याच प्रमाणातलं, कशालाही विशिष्ट नसलेलं इम्युनोग्लोब्युलिन. इथेही रंग आला तर तो अँटिजेनचा नाही. मेलानिन असलेल्या गाठीत तर हा सेक्शन रंग न देताच तपकिरी असतो, आणि तिथे लाल क्रोमोजेन वापरावा हे त्यावरूनच कळतं. दाव्यात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करतो: बायोटिन नसलेल्या पॉलिमर पद्धतीत, त्याच ब्लॉकवर त्याच रिट्रीव्हलने लावलेल्या इतर अँटिबॉडी जर कोऱ्या आल्या असतील, तर त्या हेच काम करतात आणि वेगळी स्लाइड लागतेच असं नाही. पण ही सूट विचार करून घ्यायची असते.

आता खरा धोका: पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात अँटिजेन आहे हे आधीच माहीत आहे असा नमुना, रंगला म्हणून निर्धास्त होणं. अशी एक केस घ्या. स्तनाच्या गाठीची सुईने घेतलेली बायोप्सी, ईआरची, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरची, स्लाइड. गाठीतलं एकही केंद्रक रंगलेलं नाही. त्याच काचेवर बसवलेला बाहेरचा कंट्रोल ठसठशीत तपकिरी. 'ईआर निगेटिव्ह' लिहायला हात शिवशिवतात. पण सेक्शनच्या कडेला एक नॉर्मल नलिका आहे. तिच्या अस्तरातली काही केंद्रकं कमी-जास्त गडद, तर काही कोरी, असं मिश्र चित्र दिसायला हवं. इथे मात्र सगळीच निळी, म्हणजे कोरी आहेत.

याचा अर्थ असा की रिएजंट चाललं, पण या पेशंटच्या ऊतीवर चाललं नाही. बाहेरचा कंट्रोल वेगळ्या ऊतीचा, वेगळ्या वेळी फिक्स झालेला. बायोप्सी फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला का, ती त्यात किती वेळ राहिली, हे तो सांगूच शकत नाही. स्तनाच्या नमुन्यासाठी तासाभरात फॉर्मॅलिन आणि मग ६ ते ७२ तास फिक्सेशन, हा नियम त्यासाठीच आहे.

मग शोध कसा घ्यायचा? फॉर्मॅलिन प्रथिनांमध्ये मिथिलीन पूल बांधतं आणि एपिटोप झाकला जातो. सायट्रेट (पीएच ६) किंवा ट्रिस-ईडीटीए (पीएच ९) बफरमध्ये ९५ ते १०० अंशांवर साधारण २० मिनिटं तापवलं की तो पुन्हा उघडा पडतो. तेव्हा बफरचा पीएच आणि तापमान तपासा, आणि दुसऱ्या सेक्शनवर रिट्रीव्हलची वेळ वाढवून बघा. वाढवायची तीही बेतानेच, कारण फार तापवलं की सेक्शन काचेवरून सुटतो, केंद्रकं पोखरल्यासारखी दिसतात. नलिका रंगली तर एपिटोप झाकलेलाच राहिला होता, आणि आता गाठीचं वाचन करता येईल. तरीही कोरी राहिली, तर फॉर्मॅलिनआधीच अँटिजेन नासलं असण्याची शक्यता मोठी. रिट्रीव्हल झाकलेलं उघडतं, नासलेलं परत आणत नाही.

कंट्रोलची निवडही चुकते. भडक रंगणारी गाठ कंट्रोल म्हणून ठेवली तर अँटिबॉडीचा जोर बराच उतरला तरी ती तपकिरीच दिसत राहते. ईआरसाठी टॉन्सिल ठेवावा. त्याच्या जर्मिनल सेंटरमधल्या विखुरलेल्या मोजक्या पेशी आधी फिकट पडतात आणि घसरण लगेच लक्षात येते. ईआरमध्ये गाठीची १ टक्का केंद्रकं रंगली तरी पॉझिटिव्ह धरतात, मग फिकट रंग पकडता येणं इथे फारच मोलाचं.

त्या बायोप्सीचा रिपोर्ट मात्र 'निगेटिव्ह' जाऊ नये. 'अंतर्गत कंट्रोल न रंगल्याने ईआरचा अर्थ लावता येत नाही. दुसऱ्या ब्लॉकवर किंवा शस्त्रक्रियेच्या नमुन्यावर पुन्हा तपासावे' असं लिहावं. कोऱ्या नलिकेकडे दुर्लक्ष करून 'निगेटिव्ह' लिहिलं, तर जिला टॅमॉक्सिफेनसारखं औषध लागू पडलं असतं तिला ते मिळणारच नाही.