'सहाय्यक'मधला अर्धा य

परवापासून माझं डोकं एका अर्ध्या 'य'मध्ये अडकलंय आणि त्याला जबाबदार एक पेन्शनर आहे.

झालं असं की बहिणीच्या पोराने एका सरकारी कार्यालयातल्या जागेचा अर्ज भरला. अकरा महिन्यांची करारावरची जागा, पण अर्ज मात्र असा की जणू कलेक्टरच व्हायचंय. "मावशी, फक्त एक नजर टाक ना." मी बावीस वर्षं प्रेसमध्ये प्रुफं वाचली, त्यामुळे घरातल्या लग्नपत्रिकांपासून तेराव्याच्या निरोपापर्यंत सगळं माझ्याकडे 'एक नजर टाकायला' येतं, फुकट. डेंटिस्टला कोणी म्हणतं का, जेवता जेवता जरा दाढ बघून देता का म्हणून?

आधी मोबाईलवर फाईल आली, उघडली तर मजकुरात `dfu"B fyfid`. घाबरू नका, हा व्हायरस नाही, हा कृतीदेवमध्ये टाइप केलेला 'कनिष्ठ लिपिक' आहे, ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे तो असा नागडा दिसतो. मग प्रिंट मागवली. आणि तिथे पहिला धक्का. विषयात 'कनिष्ठ सहाय्यक', खाली मजकुरात 'कनिष्ठ लिपिक'. म्हणजे एकाच कागदावर पोट्टा दोन नोकऱ्या मागून राहिला होता. काम साधारण एकच असलं तरी एक खातं त्या खुर्चीला लिपिक म्हणतं, दुसरं सहाय्यक, तिसरं लिपिक-टंकलेखक, आणि छाननी करणारा माणूस काम बघत नाही, नाव बघतो. मागच्या वर्षीचा अर्ज कॉपी-पेस्ट केला की हेच होतं. बरं, तो मागचा अर्जही याचा नव्हता, कुठल्यातरी मैत्रिणीचा होता, कारण शेवटी 'मी पदवी परीक्षा उत्तीर्ण झाली आहे' आणि 'आपली विश्वासू'. खाली सही मिशीवाल्याची.

त्याच्याही वर, म्हणजे सहीच्या आधी, 'कळावे, लोभ असावा ही विनंती'. अरे, आत्याला पत्र लिहितोयस का! सरकारी कार्यालयात लोभ असावा म्हणून लेखी विनंती कोणी करतं का, तो तर न मागता असतो. तिथे 'माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती' एवढं पुरे, मग उजवीकडे 'आपला विश्वासू' आणि सही, डावीकडे स्थळ-दिनांक.

सहपत्रांची यादी मात्र मी मन लावून तपासली, कारण खरी गंमत तिथेच असते. यादीत दहा क्रमांक, मजकुरात 'सोबत नऊ सहपत्रे', आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद अकरा. बसले मोजत. टायपिंगची दोन सर्टिफिकिटं, मराठी 30 आणि इंग्रजी 40, एकाच क्रमांकात कोंबलेली. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद, तेही 'जात प्रमाणपत्र/व्हॅलिडिटी' असे तिरप्या रेघेने एकत्र नांदत होते. आणि एमएस-सीआयटी दोनदा, चौथ्या आणि दहाव्या क्रमांकावर, कागद एकच. म्हणजे दहातला एक गेला, दोन सुटे झाले, अकरा. जमलं. पण सगळ्यात भारी होता नॉन-क्रिमीलेयर. 'उन्नत व प्रगत गटात मोडत असल्याचे प्रमाणपत्र'. एक 'न' खाल्ला आणि पोरगा थेट श्रीमंत झाला! शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर यावर चूंही करत नाही, कारण 'असल्याचे' हा शब्द बरोबरच आहे की.

इथवर मी खूश होते. आणि त्याच खुशीत मी विषयातल्या 'सहाय्यक'चा 'सहायक' केला. कारण तेच शुद्ध आहे हो. साहाय्य हे नाम, ते करणारा तो सहायक. 'सहाय्यक' ही दोघांच्या भांडणातून झालेली खिचडी.

दुरुस्त्या घेऊन आम्ही नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या एका टायपिंगच्या दुकानात. नोव्हेंबर, म्हणजे डिसेंबरच्या अधिवेशनासाठी रस्त्यांना रंगरंगोटी चाललेली, आणि दुकानात हयातीच्या दाखल्याच्या झेरॉक्ससाठी पेन्शनरांची गर्दी. त्यातलेच एक, मफलर, पानाचा तोबरा, हातात पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत, माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत होते. कुठल्यातरी ऑफिसातून बडे बाबू म्हणून रिटायर झालेले, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"बाई, हे काहून बदलवलं?"

"चुकीचं होतं म्हणून."

"जाहिरातीत काय छापलं हाय?"

"जाहिरातीतच चुकलंय ते."

बाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं, सावकाश, फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जावी तशी. "तुमी मास्तरीन हाय का?"

"प्रुफरीडर."

"तेच तं. बाई, पदाचं नाव मंजे नाव असते. माह्या पोराचं नाव जन्मदाखल्यात 'आशिश' लिवलं, दोनी श शहामृगाचे. चूक हाय. पण पासपोर्टावर तेच हाय, बँकेत तेच हाय. मी आता 'आशिष' लिवलं तं तो माहा पोरगा नाई रायला. समजून राहिले का?"

दुकानवाला हसला. माझा भाचाही हसला, कृतघ्न.

मी म्हटलं, काका, पण जाहिरातीतच तीन प्रकार आहेत. आणि होते खरंच! मथळ्यात 'सहाय्यक', तक्त्यात 'सहाय्यक', आणि मागे जोडलेल्या विहित नमुन्यात 'सहायक'. मला वाटलं आता बाबू गप्प बसतील.

"तीन कुठं, दोनच तं झाले." मोजलंन् त्याने! "तक्त्यात पाहा. जिथं अनुक्रमांक हाय, जागा किती, पगार किती लिवला हाय, तिथचं नाव धरा. छाननीवाला तोच तक्ता समोर ठेवून बसते. मी बसलो हाय ना."

याला उत्तर नव्हतं. अर्धा य परत घातला. दोन पानं नव्याने काढली, त्याचे पैसे मीच दिले. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि इथे मला एक चूक पैसे देऊन परत बसवावी लागली. राग बाबूंचा नाही, म्हणजे थोडा आहेच, पण जास्त त्या जाहिरातीचा आहे. तिच्यात ठळक अक्षरात लिहिलंय की अपूर्ण अथवा चुकीचा अर्ज नाकारला जाईल, त्याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. आणि स्वतःच्या जाहिरातीत एका पदाची दोन स्पेलिंगं! तिच्यावर कोणी एक नजर टाकली नाही, फुकटसुद्धा नाही. पोरांनी मात्र वेलांटी चुकली तर रात्रभर तळमळायचं, तेही अकरा महिन्यांसाठी.

लिफाफ्यावर पदाचं नाव लिहायचं होतं. भाच्याचं अक्षर कोंबड्याचं, माझा हात रागाने थरथरत होता, तर बाबू म्हणाले द्या इकडे. काय अक्षर हो! टपोरं, एका रेषेत, 'कनिष्ठ सहाय्यक या पदाकरीता अर्ज'.

करीता. दीर्घ.

मी तोंड उघडलं. बाबू माझ्याकडे बघत होते. भाच्याने तोवर डिंक लावला, आणि दहा मिनिटांत लिफाफा स्पीड पोस्टाने गेला.

शुद्ध 'करिता' आहे. ऱ्हस्व. मी काही बोलले नाही.