पीएफ लगेच मिळाला तर काय मजा?

निवृत्तीनंतर तुमच्याकडे वेळच वेळ असतो, तो सत्कारणी लावायचा असेल तर पीएफ काढायचा अर्ज करा. खाली काही अनुभवसिद्ध सूचना देतो आहे.

बँकेचा तपशील आधी तपासू नका. २०२० सालच्या १ एप्रिलला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला. आयएफएससी मात्र तुमच्या पीएफमध्ये जुनाच राहू द्या. पोर्टल हिरवी खूण दाखवतं ना? बस्स.

पासबुकात आडनाव आधी आणि पीएफमध्ये शेवटी असेल तर उत्तम.

खातं भावासोबत जॉइंट असेल तर आणखी उत्तम.

दावा फेटाळला की कारण वाचू नका, तोच अर्ज पुन्हा ठोका. कारण म्हणजे तरी काय, बँकेचा तपशील जुळत नाही, एवढी एक ओळ. कोणता तपशील? खाते क्रमांक, नाव की कोड? ते तुम्ही ओळखायचं! मी बँकेत गेलो, त्यांनी सांगितलं पीएफ ऑफिसला विचारा. पीएफच्या खिडकीवर सांगितलं, साहेब, सगळं ऑनलाइन आहे. ऑनलाइन पुन्हा तीच ओळ! शेवटी नवं चेकबुक हातात घेऊन कोड अक्षर-अक्षर लावून पाहिला, तेव्हा कळलं की पोर्टलवर विलीन झालेल्या बँकेचा कोड बसलाय. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य (इंग्रजी ओ नव्हे!), उरलेली सहा शाखेची. पहिली चार बघितली असती तर खिडकीवरच्या माणसालाही मिनिटात कळलं असतं.

आता मुकाट्याने ऐका. यूएएन पोर्टलवर Manage मध्ये KYC उघडा, तिथे बँक निवडा, खाते क्रमांक आणि नव्या पासबुकावरचा आयएफएससी भरा. एप्रिल २०२५पासून त्यासाठी कंपनीच्या मंजुरीची गरज नाही, बँकेकडून पडताळणी झाली की पुरते. नवं खातं मंजूर दिसेपर्यंत दावा करू नका. मग Online Services मधून नवा दावा भरा; फेटाळलेला दुरुस्त होत नाही. पीएफसाठी फॉर्म १९. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी झाली असेल तर पेन्शनच्या पैशांसाठी १०सी वेगळा. नावच जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, कोड बदलून उपयोग नाही.

आणि ज्यांनी ही व्यवस्था बांधली त्यांना विचारतो: पगारातले बारा टक्के दर महिन्याला न चुकता कापता येतात, मग विलीन झालेल्या बँकेचा कोड जुना झालाय हे आधीच कळवता येत नाही? बँकांना नवे कोड माहीत, तुम्हाला खातं माहीत, आणि जुळवणी कोणी करायची, तर साठी ओलांडलेल्या माणसाने? फेटाळताना चुकीचा रकाना कोणता, एवढं तरी लिहा. पैसे आमचे आहेत.