शॉट सातमधल्या फोनच्या पडद्याबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): आमच्या अ‍ॅपच्या जाहिरातीत बाईंच्या हातातल्या फोनवर अ‍ॅपचं अ‍ॅनिमेशन बसवायचं होतं, इतकंच काम. सहा शॉट ठीक झाले. सातव्यात मात्र स्क्रीन फोनवर स्टिकर लावल्यासारखा दिसत होता, शिवाय सरकत होता. विचारलं तर उत्तर मिळालं, “तुमचं शूटिंगच चुकलंय, फोन बंद ठेवायला नको होता.” तिसऱ्या खेपेला काम बरं झालं, पण त्याचे जादा पैसे लावले. बारीक अक्षरं तर अजूनही वाचता येत नाहीत.

स्टुडिओचं उत्तर:

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचून मी शॉट सातच्या तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या. आधी सरळ सांगते: फोन बंद ठेवून शूट करणं ही चूक नव्हती. आमच्याकडून तुम्हाला तसं सांगितलं गेलं ते चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पहिल्या दोन आवृत्त्यांतला स्क्रीन सरकत होता तो आमच्या ट्रॅकिंगमुळे. नेमकं काय झालं ते खाली लिहिते आहे, म्हणजे कुठली चूक आमची आणि कुठला खर्च खरोखर वेगळ्या कामाचा होता, हे तुम्हालाच ठरवता येईल.

शॉट 92 फ्रेमचा आहे, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने पावणेचार सेकंदांहून थोडा कमीच. कॅमेरा हातात धरलेला, फोनही हातात, आणि मधल्या भागात बाई फोन स्वतःकडे साधारण 15 अंश कलवतात. पडदा बंद असल्याने काच आरशासारखी झाली आहे आणि तिच्यात समोरच्या खिडकीचं लख्ख प्रतिबिंब दिसतं. घोळ या प्रतिबिंबातच झाला.

पडदा बदलताना आम्ही फोनच्या पृष्ठभागाची हालचाल दर फ्रेमला मोजतो. त्यावरून पडद्याच्या चार कोपऱ्यांच्या जागा मिळतात आणि अ‍ॅनिमेशनचे चार कोपरे त्या जागांवर खेचून बसवले जातात. यालाच ट्रॅक केलेलं कॉर्नर पिन म्हणतात. मोजणी करणाऱ्या प्लेनर ट्रॅकरला फोन म्हणजे काय हे ठाऊक नसतं. आखून दिलेल्या भागात जो ठळक पोत दिसेल त्याच्या मागे तो जातो. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने फोनच्या कडेने एक आखणी काढली आणि आतली सगळी काच तिच्यात घेतली. काळ्या काचेत ठळक असं एकच होतं, ती खिडकी. ट्रॅकर इमानेइतबारे खिडकीच्या मागे गेला.

आता खिडकीचं प्रतिबिंब काही काचेवर चिकटलेलं नसतं. खिडकी काचेपासून तीन मीटरवर असेल तर तिची प्रतिमा काचेच्या मागे तीन मीटरवर असल्यासारखी वागते. त्यात आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. फोन 15 अंश कलला की तो किरण 30 अंश फिरतो. म्हणजे फोन एका गतीने हलत होता आणि त्यातली खिडकी दुसऱ्याच. आम्ही तुमचं अ‍ॅप फोनला नव्हे, खिडकीला बांधून दिलं होतं!

ही चूक डोळ्याने ओळखता येते, पुढेही उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिल्या आवृत्तीत 20 ते 55 या फ्रेममध्ये चारही कोपरे एकत्र, एकाच दिशेला सरकतात. डावीकडे काळी फट दिसते आणि उजवीकडे अ‍ॅप फोनच्या चौकटीवर चढतं. चारही कोपरे मिळून सरकले, तर ट्रॅकरने भलतीच वस्तू धरली आहे. एकच कोपरा थरथरत असेल तर दोष वेगळा, बहुतेक तो कोपरा बोटाखाली गेलेला असतो. दुसऱ्या आवृत्तीत नेमकं हेच झालं. खिडकी टाळण्यासाठी आम्ही चार कोपरे चार सुट्या बिंदूंनी ट्रॅक केले. पण अंगठा खालचा उजवा कोपरा जवळपास तीस फ्रेम झाकतो, आणि तिथल्या जागा अंदाजाने हाताने भरल्या गेल्या. ती आवृत्ती तुमच्याकडे जायलाच नको होती. घाई झाली, आणि मी स्वतः पाहण्याआधी फाइल गेली.

तिसऱ्या वेळी मी बसले. आखणी अंगठीसारखी केली: बाहेरची रेघ फोनच्या शरीराबाहेर थोडी, आतली रेघ काचेच्या आत थोडी, मधली काच पूर्ण वगळलेली. अंगठ्यासाठी वेगळी आखणी, जिचा भाग ट्रॅकरने मोजणीत धरायचाच नाही. सरळ कडेची एक अडचण असते. कडेला आडवी झालेली हालचाल ट्रॅकरला दिसते, कडेच्या दिशेने झालेली दिसत नाही. म्हणून किमान दोन वेगळ्या दिशांच्या कडा सतत दिसाव्या लागतात. इथे वरची आणि डावी कड शेवटपर्यंत मोकळी होती, म्हणून निभावलं. सुरुवात पहिल्या फ्रेमपासून केली नाही. चारही कोपरे स्वच्छ दिसतात त्या 41 व्या फ्रेमपासून मागे आणि पुढे ट्रॅक केलं. उरलेली दीड-दोन पिक्सेलची घसरण ट्रॅकिंग सॉफ्टवेअरच्या `AdjustTrack` या दुरुस्तीच्या भागात हाताने काढली.

तुमच्या फोनच्या पडद्याचे कोपरे गोल आहेत, तिथेही आधी चूक झाली होती. पिन गोलाईवर लावली तर चित्र आत ओढलं जातं आणि चारी बाजूंनी काळी किनार राहते. पिन लावायची ती हवेतल्या कोपऱ्यावर, म्हणजे सरळ कडा पुढे वाढवल्या तर जिथे एकमेकींना छेदतील तिथे. गोलाई नंतर मास्कने कापायची. ‘स्टिकर’ वाटण्याचं निम्मं कारण ही किनार होती.

उरलेलं निम्मं ब्लरचं. कॅमेऱ्यात हलता फोन किंचित फरफटलेला येतो, आमचं अ‍ॅप मात्र प्रत्येक फ्रेममध्ये कोरीव होतं. साध्या `Corner Pin` इफेक्टमध्ये हालचाल इफेक्टच्या आत घडते, त्यामुळे लेयरचा मोशन ब्लर चालू केला तरी त्याला ती कळत नाही. ट्रॅकिंगची माहिती मोशन ब्लर चालणाऱ्या प्रकारात बाहेर काढावी लागते. ते आम्ही दुसऱ्या आवृत्तीतही विसरलो होतो.

आता बंद पडद्याबद्दल. ‘हिरवा ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो, आमच्या मुलानेही तोच पाठ म्हणून दाखवला. पूर्ण उजेडाचा हिरवा पडदा हातात धरला की अंगठ्यावर आणि हनुवटीवर हिरवा प्रकाश पडतो, तो काढता काढता नाकी नऊ येतात. वर काचेतलं खरं प्रतिबिंब हरवतं. तुमच्या बंद पडद्यामुळे ते आपल्याकडे शिल्लक होतं, आणि तिसऱ्या आवृत्तीत फोन खरा वाटतो तो त्याच्यामुळेच. खऱ्या आयुष्यात पडद्याचा स्वतःचा प्रकाश आणि काचेतलं प्रतिबिंब यांची बेरीज डोळ्यापर्यंत येते. म्हणून अ‍ॅपचं चित्र काचेवर झाकून न टाकता आम्ही मूळ दृश्यात मिळवलं. ही बेरीज डोळ्याला पटावी म्हणून प्रोजेक्ट सेटिंगमध्ये `Blend Colors Using 1.0 Gamma` चालू ठेवलं, म्हणजे रंग खऱ्या प्रकाशासारखे मिळतात. ज्या खिडकीने आम्हाला फसवलं, तीच आता तुमच्या पांढऱ्या होमस्क्रीनवरून हळूच सरकताना दिसते.

बंद पडद्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते, ती अंगठ्यापाशी. हिरव्यावरचा अंगठा कीइंगने, म्हणजे हिरवा रंग आपोआप वगळून, बराचसा सुटून येतो. काळ्यावर त्याची सावलीकडची कड काचेत मिसळते, म्हणून तो फ्रेम फ्रेम हाताने कापावा लागला. हे काम मूळ अंदाजपत्रकात धरलेलं होतं, त्याचे जादा पैसे लावलेले नाहीत.

जादा रक्कम लागली ती स्क्रोलच्या बदलाची, आणि ती मला योग्य वाटते. बाईंचा अंगठा 38 व्या फ्रेमला वर सरकू लागतो आणि 52 व्या फ्रेमला काचेवरून उठतो. तेवढ्या चौदा फ्रेममध्ये यादी अंगठ्याला चिकटून वर गेली पाहिजे आणि अंगठा उठल्यावर स्वतःच्या वेगाने थांबत गेली पाहिजे. नाहीतर ट्रॅकिंग कितीही नेमकं असलं तरी बोट आणि पडदा वेगळे वाटतात. पहिल्या यादीसाठी हे जुळवून तुमची मंजुरी घेतली होती. नंतर तुमच्याकडून नवं, लांब यादीचं रेकॉर्डिंग आलं, सेकंदाला 60 फ्रेमचं आणि वेगळ्या झटक्याने सरकवलेलं. ते टाइम रिमॅपने, म्हणजे रेकॉर्डिंगचा वेग जागोजागी कमीजास्त करून, अंगठ्याशी पुन्हा जुळवावं लागलं. मात्र बिलात आम्ही ‘शॉट 7 सुधारणा’ असं मोघम लिहिलं, त्यामुळे आमच्या चुकीची दुरुस्तीही तुमच्याकडून वसूल केल्यासारखं दिसलं. तपासल्यावर मला त्यात खरोखरच ट्रॅकिंगचा अर्धा दिवस धरलेला सापडला. तेवढी रक्कम वजा करून सुधारित बिल आज पाठवते.

अक्षरांबाबत मात्र आमचा इलाज चालत नाही. या शॉटमध्ये फोनचा पडदा चित्रात फक्त 310 पिक्सेल रुंद आहे आणि तुमचं रेकॉर्डिंग 1080 पिक्सेलचं. साडेतीन पिक्सेलचा एक होतो. मूळ फाइलमधलं 28 पिक्सेल उंचीचं अक्षर इथे आठ पिक्सेलचं उरतं, त्यावर फोनच्या हालचालीचा ब्लर. धार वाढवून पाहिली, तर बारीक रेघा लुकलुकायला लागतात. खऱ्या फोनवर अ‍ॅप उघडून याच अंतरावरून शूट केलं असतं तरी ती अक्षरं वाचता आली नसती. उपाय आधीच करायचा असतो: जाहिरातीपुरता वेगळा स्क्रीन बनवून त्यात मोठं शीर्षक, दोनच ओळी आणि एक बटण ठेवायचं. तसा स्क्रीन तुमच्या डिझायनरकडून मिळाला तर याच ट्रॅकवर तो आम्ही मोफत बसवून देऊ. ट्रॅक पक्का झाला आहे, फक्त आतलं चित्र बदलायचं. अट एकच, यादी सरकण्याची वेळ तीच राहू द्या.

पुढच्या जाहिरातीलाही फोन हातातच असेल तर तो बंद ठेवण्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर अगदी मंद राखाडी चार फुल्या दाखवणारी एक प्रतिमा त्यावर उघडा. फुल्या कोपऱ्यांपासून आत असाव्यात आणि अंगठा जाईल तिथे नकोत. उजेड इतका कमी ठेवा की फुल्या जेमतेम दिसतील. म्हणजे ट्रॅकरला काचेवरचीच खूण मिळते, प्रतिबिंबही टिकतं, आणि वर तुमचा पांढरा स्क्रीन मिळवला की फुल्या उजेडात विरून जातात. गडद रंगाचं अ‍ॅप असतं तर मी हे सुचवलं नसतं, त्यात त्या डोकावल्या असत्या.

सुधारित बिलासोबत आणखी एक छोटी क्लिप पाठवते आहे. तिच्यात फोन स्थिर धरून बाकीचं जग हलतं ठेवलं आहे. घसरण कुठे उरली असेल तर ती अशा दृश्यात लगेच दिसते. मला 71 व्या फ्रेमला वरच्या उजव्या कोपऱ्यात अर्ध्या पिक्सेलचा झटका दिसतो, तो काढून अंतिम फाइल परवा देते.